लोकाग्रहास्तव मुदतवाढ म्हणजे पहिल्या शंभर जणांची फसवणूक

गणपती-दिवाळी आली की जुन्नर-आंबेगावातल्या पेजेसवर बक्षिसांचा पाऊस पडतो. सायकल, पैठणी, मोबाईल. पहिल्या स्लाइडवर बक्षिसाचा फोटो, दुसऱ्यावर "फॉलो करा, शेअर करा, तीन मित्रांना टॅग करा", आणि शेवटच्या स्लाइडवर कोपऱ्यात, "आयोजकांचा निर्णय अंतिम राहील". विजेता कसा निवडणार? ते कुठेच नाही. माझा राग बक्षिसावर नाही, त्या कोपऱ्यातल्या ओळीवर आहे.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपण सगळ्यांनी पाहिलीय. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकतात आणि लहान मुलाच्या हातून काढतात. निकाल आवडो न आवडो, पद्धत डोळ्यांदेखत होते. मग सायकलीची सोडत बंद खोलीत कशाला?

समजा घोडेगावातल्या एखाद्या मंडळाला सायकल द्यायचीय. प्रामाणिक पोस्टला पाच स्लाइड पुरतात.

पहिली, बक्षीस: एक सायकल, कंपनी आणि मॉडेलसकट. फोटोतली हीच, की "अशीच एखादी", ते स्पष्ट.

दुसरी, कोण आणि कसं: जुन्नर, आंबेगाव तालुक्यात राहणारे. या पोस्टखाली एक कमेंट. एका माणसाच्या दहा कमेंट आल्या तरी नाव एकदाच. मंडळाचे पदाधिकारी आणि त्यांच्या घरचे बाद. फोन नंबर कमेंटमध्ये टाकू नका. टॅगची आणि शेअरची अट नाही, कारण ती फेसबुकच्याच नियमात बसत नाही.

तिसरी, मुदत: रविवार, 20 सप्टेंबर, रात्री 11 वाजून 59 मिनिटं. "शनिवारी रात्री 12" असं लिहू नये. कोण शुक्रवारची रात्र धरतो, कोण शनिवारची. आणि खाली ठळक अक्षरात: मुदत वाढवणार नाही.

इथे जरा थांबा. रविवारपर्यंत शंभर जण आले तर प्रत्येकाची संधी शंभरात एक. पोस्ट अजून चालावी म्हणून चार दिवस वाढवले आणि चारशे झाले, की त्याच माणसाची संधी चारशेत एक. वेळेत आलेल्याचा हिस्सा काढून उशिरा आलेल्याला वाटला. ह्याला आपण "लोकाग्रहास्तव" म्हणतो.

चौथी, निवड: मुदत संपताच नावांची क्रमांकासह यादी पोस्ट करणार. सोमवारी आरतीनंतर मांडवात, लाइव्ह चालू ठेवून सोडत. समजा 640 नावं आहेत. तीन डबे घ्या. पहिल्यात 0 ते 6, बाकी दोघांत 0 ते 9 च्या चिठ्ठ्या. तिन्हीतून एकेक काढली की तीन आकडी क्रमांक तयार. 000 आला किंवा 640 च्या वर गेला, तर तिन्ही चिठ्ठ्या परत टाकून पहिल्यापासून. पहिल्या डब्यातला 6 तसाच ठेवून बाकी दोनच पुन्हा काढल्या, तर 600 ते 640 या एक्केचाळीस जणांची संधी इतरांच्या दुपटीहून जास्त होते. मुद्दाम कोणी करत नाही, पण घाईत होतं.

पाचवी, निकाल: याच पेजवर नाव. विजेत्याने सात दिवसांत संपर्क केला नाही तर राखीव क्रमांक, तोही त्याच वेळी काढलेला.

"सर्वाधिक लाइक मिळवणारा विजेता" ही पद्धत मला सगळ्यात खोटी वाटते. ज्याच्या भावकीत मोबाईल जास्त तो जिंकणार. तसंच करायचं असेल तर निदान "स्पर्धा" म्हणा, "लकी ड्रॉ" म्हणू नका.

कायद्याचंही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 बक्षीस योजनेचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं अनुचित व्यापारी प्रथेत धरतो. योजना ज्या वर्तमानपत्रात जाहीर केली, त्याच वर्तमानपत्रात निकाल ठळकपणे छापला तर तो कळवला असं मानलं जातं. पेजवर योजना आणि निकाल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, हे त्या भावनेत बसत नाही. आणि दुकानदारांनो, विक्री वाढवायला सोडत काढणं हेही त्याच कलमात येतं. "पाचशेच्या खरेदीवर कूपन" छापण्याआधी वकिलाला विचारा.

बक्षीस दहा हजारांच्या वर असेल तर 30 टक्के आयकराचाही प्रश्न येतो. लाखाची स्कूटी जिंकलेल्या माणसाला चावी देताना कराचे पैसे मागितले तर तो कुठून आणणार? कर कोण भरणार, ते पहिल्याच स्लाइडवर हवं.

हे सगळं लिहायला अर्धा तास लागतो. ज्याला हा अर्धा तास जड वाटतो, त्याला सायकल द्यायची नाहीये, फक्त तुमचा फॉलो हवाय. म्हणून पुढच्या वेळी अशी पोस्ट दिसली की कमेंटमध्ये नाव टाकण्याआधी एवढंच विचारा, "विजेता कसा निवडणार?" उत्तर आलं तर नाव टाका. कमेंट डिलीट झाली, तर तेच उत्तर समजा.