ईपीएस वाढतो म्हणे!

भायखळ्याला आमच्या इमारतीत दोन प्रकारचे भागधारक राहतात. एक सकाळी सव्वानऊच्या ठोक्याला टीव्हीवर बाजार लावून बसणारे. दुसरे, ज्यांना आपल्याकडे शेअर आहेत हे वर्षातून तीन-चार वेळाच आठवतं, पासबुकात लाभांशाची नोंद उमटते तेव्हा. पहिले दुसऱ्यांना कायम शिकवत असतात की लाभांश ही जुन्या जमान्याची पद्धत झाली, हुशार कंपनी बायबॅक करते. का? तर शेअरची संख्या घटते, ईपीएस म्हणजे दर शेअरमागचा नफा वाढतो, त्यामागे भाव वाढतो आणि सगळेच श्रीमंत होतात. आमच्या नाक्यावरचा सबब्रोकरही हेच ऐकवतो, वर "काका, तुम्हाला नाही कळायचं" हेही.

मला हे अजिबात पटत नाही. यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही, साधा भागाकार आहे. तेव्हा हवेत न बोलता एक खरा हिशेब मांडतो.

टीसीएसने ऑक्टोबर २०२३ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा बायबॅक जाहीर केला. भाव ४,१५० रुपये, म्हणजे त्या दिवशीच्या बाजारभावापेक्षा (साधारण ३,६१०) पंधरा टक्के जास्त. कंपनीचे सुमारे ३६५.९ कोटी शेअर होते, त्यातले ४.१ कोटी घेतले. उरले ३६१.८ कोटी. आता आदल्या वर्षीचा नफा घ्या, ४२,१४७ कोटी. जुन्या संख्येने भागला तर ईपीएस येतो ११५ रुपये १९ पैसे. नव्या संख्येने भागला तर ११६ रुपये ५० पैशांच्या आसपास. झालं! वाढला की नाही ईपीएस?

थांबा. वरचा आकडा, म्हणजे नफा, आपण तसाच ठेवला. पण १७,००० कोटी रुपये तिजोरीतून बाहेर गेले ना? ते काही गादीखाली ठेवलेले नव्हते, त्यावर व्याज येत होतं. शिवाय त्या काळी बायबॅकचा कर कंपनी स्वतः भरायची, अधिभार आणि उपकर धरून सव्वातेवीस टक्क्यांच्या वर. तो झाला जवळजवळ ३,९६० कोटी. म्हणजे एकूण २०,९६० कोटी गेले. सात टक्के व्याज धरलं आणि त्यावरचा कंपनीकर वजा केला, तर वर्षाला हजार-अकराशे कोटींचं निव्वळ उत्पन्न बुडालं. ते नफ्यातून काढा आणि पुन्हा भागा. ईपीएस येतो ११३ रुपये ४५ पैशांच्या घरात. वाढला नाही, कमी झाला! भाकरीचे तुकडे कमी केले खरे, पण भाकरीच लहान झाली.

हे असं का होतं तेही सोपं आहे. ११५ रुपये कमावणारा शेअर ४,१५० ला घेणं म्हणजे पावणेतीन टक्के परताव्याची खरेदी. त्यासाठी कर जाऊन सव्वापाच टक्के देणारे पैसे मोडायचे. तुमच्याआमच्या घरात कुणी अशी एफडी मोडली तर काय बोलणी बसतील ते सांगायला नको. व्याजाचा दर हा असेल, तर शेअरचा भाव ईपीएसच्या एकोणीस पटींच्या खाली असतानाच बायबॅकने ईपीएस वाढतो, आणि वर करही भरायचा असेल तर त्याहूनही खाली. इथे भाव छत्तीस पट होता.

कुणी म्हणेल, पण पुढच्या वर्षी टीसीएसचा ईपीएस १२५ रुपये ८८ पैसे झाला की. झाला ना. नफाच ४५,९०८ कोटींवर गेला होता. तो नफा जुन्याच ३६५.९ कोटी शेअरांत वाटून पाहा, १२५ रुपये ४६ पैसे येतात. म्हणजे पावणेअकरा रुपयांच्या वाढीत शेअर घटल्याचा वाटा बेचाळीस पैसे. (बायबॅक आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात, डिसेंबरमध्ये झाला म्हणून इतका कमी, हे मान्य. पण उरलेले दहा रुपये धंद्यातून आले, बायबॅकमधून नाही.)

आता लाभांशाशी तुलना. तेच २०,९६० कोटी लाभांश म्हणून वाटले असते तर दर शेअरला ५७ रुपये आले असते. व्याज तेवढंच बुडालं असतं आणि शेअर मात्र तेवढेच राहिले असते, त्यामुळे ईपीएस ११२ रुपयांवर आला असता. बायबॅकवाले हाच आकडा नाचवतात: बघा, आमचा ११३, तुमचा ११२! पण दुसऱ्या बाजूच्या माणसाच्या हातात रोख ५७ रुपये आहेत, ते कुठे धरले? ईपीएस हातातली रोकड मोजतच नाही. मग त्यावरून संपत्ती कशी ठरवता?

संपत्तीच मोजायची तर अशी मोजा. घोषणेच्या दिवशी बाजारात कंपनीची किंमत होती ३,६१० रुपये गुणिले ३६५.९ कोटी. त्यातून २०,९६० कोटी वजा करा आणि उरलेल्या शेअरांनी भागा. ३,५९३ रुपये येतात. ज्याने शेअर दिले नाहीत त्याचे शेअरमागे १७ रुपये गेले. त्यातले सुमारे अकरा करात आणि सहा शेअर देणाऱ्यांच्या खिशात. लाभांशात त्याच माणसाचा शेअर ५७ रुपयांनी उतरला असता आणि ५७ रुपये बँकेत आले असते. त्यावर कर ज्याच्या त्याच्या उत्पन्नाप्रमाणे. ज्या विधवा काकूंचं उत्पन्न करपात्रच नाही, त्यांना शून्य. बायबॅकमध्ये मात्र त्यांच्याही वाट्याच्या पैशातून सव्वातेवीस टक्क्यांचा कर गेला, आणि शेअर विकणाऱ्याला रक्कम करमुक्त मिळाली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन लाखांपर्यंत शेअर असणाऱ्या छोट्या भागधारकांसाठी सेबीच्या नियमाने पंधरा टक्के राखीव असतात. या बायबॅकमध्ये त्यांना सहाला एक असा हक्क होता, बाकीच्यांना दोनशे नवाला दोन. चाळीस शेअरवाल्याने सहा दिले असते तर वरच्या हिशेबाने पावणेतीन हजारांचा निव्वळ फायदा. पण तो मिळवायचा तर १ ते ७ डिसेंबरच्या खिडकीत ब्रोकरकडून शेअर द्यायला हवे होते, आणि पत्र आलं ते इंग्रजीत, ईमेलवर. आमच्या दुसऱ्या प्रकारच्या मंडळींपैकी किती जणांनी ते उघडलं असेल? जागा होता त्याचा फायदा झाला आणि त्यातला वाटा झोपलेल्याच्या खिशातून गेला. यात कंपनीने नवी संपत्ती काय निर्माण केली? लाभांश न उचललेला राहिला तर सात वर्षांनी सरकारी निधीत जातो, पण कागदपत्रं देऊन तिथूनही परत मागता येतो. हुकलेला बायबॅक कुणाकडे मागायचा?

बायबॅक नेहमीच वाईट असं माझं म्हणणं नाही. धंदा धडधाकट असताना बाजाराने भाव पाडला, शेअर दहा-बारा पटीत मिळू लागला, आणि कंपनीकडे खरोखर रिकामा पैसा असला, तर जरूर घ्यावेत. मग राहणाऱ्यांचं भलं होतं. पण तेजीत, पंधरा टक्के वर देऊन?

आणि गंमत बघा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला, बायबॅकची सगळी रक्कम घेणाऱ्याच्या हातात लाभांश म्हणून करपात्र झाली. जानेवारी २०२५ मध्ये टीसीएसने काय केलं? दर शेअरला ६६ रुपयांचा विशेष लाभांश दिला. २०२६ च्या अर्थसंकल्पाने बायबॅक पुन्हा भांडवली नफ्याच्या खात्यात टाकला आणि प्रवर्तकांवर जादा कर बसवला. ज्या कंपनीत सुमारे बहात्तर टक्के शेअर टाटा सन्सकडे आहेत, तिथे पैसे कोणत्या वाटेने बाहेर पडतात हे प्रवर्तकाला कर किती बसतो त्यावरून जास्त कळतं, ईपीएसवरून नाही. सबब्रोकरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, आता तुम्ही राजकारणावर आलात."