टीएसएच वाढला, मग गोळी कशासाठी?

चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा मुलगा घराबाहेर पडण्यापूर्वी चिंचवडला आईला चहाबरोबर थायरॉइडची गोळी देतो, असे समजा. आई अडुसष्ट वर्षांची, टीएसएच १४, गोळी २५ मायक्रोग्रॅमची. ‘आकडा वाढलेलाच आहे, मग आणखी संप्रेरक कशाला?’ ही तिची शंका रास्तच आहे.

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तो पाठवते. थायरॉइड मंदावली की पीयूषिका तिला अधिक जोराने हाका मारते, म्हणून आकडा चढतो. सर्वसाधारण मर्यादा ०.४ ते ४ अशी असते. सत्तरीनंतर किंचित अधिक आकडाही पुष्कळदा चालतो. गोळीतून संप्रेरक मिळू लागले की हाका कमी होतात.

मात्र त्याला वेळ लागतो. पंधरा दिवसांनी आकडा १२ आला म्हणजे औषध निष्फळ ठरले, असे नव्हे. फेरतपासणी सहा ते आठ आठवड्यांनीच करावी. खरी अडचण त्या चहाची आहे. त्यामुळे औषध पुरेसे शोषले जात नाही आणि मात्रा विनाकारण वाढवली जाते. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांनंतर.

पुढे आकडा ०.१ वर उतरला, तर मात्रा अधिक होत आहे. वृद्धांत त्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता अहवाल त्वरित डॉक्टरांना दाखवावा.