चूक सांगण्याची मुभा

यंदाच्या अंकासाठी 'नोकरी आणि माणूस' हा विषय मुक्रर झाल्यावर जे लेख आमच्याकडे आले, त्यांत एक तक्रार निरनिराळ्या रूपांनी पुनःपुन्हा आढळली; ती अशी की, कचेरीत काय बिघडले आहे हे शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सर्वांना ठाऊक असते, ठाऊक नसते ते फक्त साहेबांना. याचे खापर हाताखालच्या माणसांच्या भित्रेपणावर फोडण्याचा प्रघात जुना आहे. परंतु माणसाचे तोंड उघडणे वा मिटणे हे त्याच्या स्वभावापेक्षा पथकप्रमुखाच्या रोजच्या वर्तनावर पुष्कळच अवलंबून असते, असे या विषयाच्या अभ्यासकांना आढळून आले आहे.

१९९० च्या दशकात एमी एडमंडसन या अमेरिकन विदुषीने रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास केला. जेथे नेतृत्व चांगले आणि परस्परसंबंध निकोप, तेथे औषधे देण्यातील चुका कमी असणार, ही त्यांची अपेक्षा. पण हाती आलेले आकडे नेमके उलटे, म्हणजे उत्तम विभागांच्याच खाती अधिक चुका जमा झालेल्या. तेव्हा या आकड्यांची काहीच कल्पना नसलेल्या एका सहायकाकरवी त्यांनी त्या विभागांचे निरीक्षण करविले आणि उलगडा झाला तो असा की, उत्तम विभागांत चुका उघडपणे बोलल्या जात होत्या, तर इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये, एका कारखानदार कंपनीतील ५१ पथकांवरील निबंधात, त्यांनी 'मानसिक सुरक्षितता' ही संकल्पना मांडली: शंका विचारली, चूक कबूल केली वा वरिष्ठांशी मतभेद व्यक्त केला, तरी येथे आपली मानहानी होणार नाही, असा पथकातील सर्वांचा समाईक भरवसा.

हा भरवसा कसा जमतो अथवा मोडतो, हे एका कल्पित प्रसंगावरून पाहू. हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध पाच मिलिलिटरच्या कुपीत मिळते; कुपीचा आकार तोच, मात्र एकीत ५,००० युनिट तर दुसरीत २५,०००. वॉर्डातील एका नवख्या परिचारिकेने घाईत दुसरी कुपी उचलली, सिरिंज भरताना लेबल वाचून ती दचकली आणि औषध टाकून दिले. रुग्णाला काहीच झाले नाही, कोणी पाहिलेही नाही. तरी ती इन्चार्ज सिस्टरना सांगावयास गेली. "लक्ष कुठे असतं तुझं?" असा जबाब मिळाला, तर ती पुढल्या खेपेस गप्प बसेल आणि तिचे झालेले पाहून बाकीच्याही गप्प बसतील. "बरं झालं सांगितलंस. दोन्ही कुप्या एकाच कप्प्यात होत्या का?" असे विचारले गेले, तर संभाषण त्या मुलीवरून कपाटाकडे वळते, कुप्या वेगळ्या ठेवल्या जातात, आणि भरलेली सिरिंज दुसरीने तपासून घ्यावी असा शिरस्ता पडतो.

प्रमुखाने प्रश्न कसा विचारावा, यालाही असेच महत्त्व आहे. "कोणाला काही अडचण?" या प्रश्नावर बैठकीत माना खाली जातात, कारण अडचण सांगणे म्हणजे स्वतःला अपात्र ठरविणे होय. मिनेसोटातील बालरुग्णालयांच्या एक प्रमुख ज्युली मोराथ यांनी प्रश्नच बदलला: या आठवड्यात तुमच्या रुग्णांच्या बाबतीत सारे काही तुम्हांला हवे तितके सुरक्षित होते का, असे त्या कर्मचाऱ्यांना विचारीत. यात कोणावर ठपका नाही, आणि उत्तर देण्यासाठी प्रत्येकाला प्रत्यक्ष घडलेले काही आठवावे लागते. बैठकीत सर्वांत कनिष्ठाला आधी बोलू देऊन प्रमुखाने आपले मत शेवटी सांगावे, आणि आलेल्या सूचनेचे पुढे काय झाले, ती नामंजूर झाली असल्यास का, हे सांगणाऱ्यास चार दिवसांत कळवावे. कारण दप्तरी दाखल होऊन विरलेली सूचना माणसाला रागावण्याइतकीच मुकी करते.

मात्र ही मुभा म्हणजे सूट नव्हे. गफलतीने चुकीची कुपी उचलणे निराळे आणि तपासणीचा नियम ठाऊक असूनही तो जाणूनबुजून धाब्यावर बसविणे निराळे. दुसऱ्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे, आणि या दोहोंतील सीमारेषा आधीच सर्वांना स्पष्ट करून ठेवली पाहिजे. शिवाय अशी मुभा नव्याने मिळते, तेव्हा थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंद प्रथम वाढते. ही वाढ कामाच्या ऱ्हासाची खूण मानून जो प्रमुख ताकिदीचे परिपत्रक काढतो, त्याची नोंदवही पुढल्या महिन्यात कोरी होते, आणि त्या कोरेपणावरच तो वरिष्ठांची शाबासकी मिळवितो.

या अंकातील लेख हाताखालच्यांनी वाचावेतच. पण ज्यांच्या खुर्चीपुढे इतरांना उभे राहावे लागते, त्यांनी ते अगत्याने वाचावेत, अशी आमची विनंती आहे.