अमेरिकी चिकनबंदीचा खटला भारत का हरला?

मार्च 2024 मध्ये नागपूरच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि तिथल्या सुमारे साडेआठ हजार कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. केंद्राभोवती ठरल्याप्रमाणे बाधित क्षेत्र आखले गेले, त्याबाहेर देखरेखीचे क्षेत्र ठरले. उरलेल्या देशात चिकन-अंड्यांची विक्री नेहमीसारखी चालू राहिली आणि त्यात गैर काहीच नव्हते. रोग असतो तिथे तो कोंडायचा, हीच शास्त्रीय पद्धत आहे. योगायोग असा की, याच महिन्यात भारत आणि अमेरिका यांच्यातला चिकनचा बारा वर्षे जुना वाद जागतिक व्यापार संघटनेत अधिकृतपणे मिटला. त्या वादात भारत हरला होता आणि त्याचे एक मोठे कारण नेमकी ही पद्धतच होती.

मूळ गोष्ट आपल्याच राज्यात सुरू होते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, गावेच्या गावे कुक्कुटपालनातून उठली. त्यानंतर सरकारने बाहेरच्या देशांतून रोग येऊ नये म्हणून आयातीवर निर्बंध घातले. जुलै 2011 च्या अधिसूचनेत त्यांचे स्वरूप असे होते: ज्या देशाने बर्ड फ्लूची नोंद जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे केली असेल, त्या संपूर्ण देशातून कोंबडीचे मांस, अंडी आणि इतर काही पदार्थ आणायचे नाहीत. रोग अति-रोगकारक प्रकारचा असो वा कमी-रोगकारक, बंदी सारखीच.

हा फरक समजून घ्यायला हवा. अति-रोगकारक विषाणू खुराड्यात शिरला की काही दिवसांत बहुतेक कोंबड्या मरतात. कमी-रोगकारक विषाणूची लक्षणे मात्र सौम्य असतात, कधी कधी दिसतही नाहीत. तो पुढे घातक रूप घेऊ शकतो म्हणून त्याच्यावर नजर ठेवतात. अमेरिकेत 2004 नंतर अनेक वर्षे फक्त हा दुसरा प्रकार आढळत होता, तरीही भारताचे दार बंद होते. मार्च 2012 मध्ये अमेरिकेने तक्रार केली.

अशा तक्रारी ‘एसपीएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1995 च्या कराराखाली चालतात. माणूस, पशू आणि वनस्पती यांच्या आरोग्यासाठी आयात रोखण्याचा हक्क हा करार प्रत्येक देशाला देतो. किती धोका पत्करायचा, हेही तो देश स्वतःच ठरवतो. अट एवढीच की, निर्बंधाला शास्त्रीय आधार हवा. तो दाखवण्याचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक जसेच्या तसे स्वीकारायचे. मग वेगळा पुरावा सहसा मागितला जात नाही. दुसरा म्हणजे मानकापेक्षा कडक नियम करायचा, पण त्यासाठी स्वतः जोखमीचे मूल्यांकन करायचे: रोग कोणत्या पदार्थातून, कोणत्या मार्गाने, कितपत शक्यतेने येईल आणि आला तर काय नुकसान होईल. पुरावा अपुरा असेल तर तात्पुरती बंदीही चालते, मात्र माहिती गोळा करत राहून वाजवी काळात तिचा फेरविचार करावा लागतो.

भारताने पहिला रस्ता धरला. आमचा नियम पशुआरोग्य संघटनेच्या संहितेनुसारच आहे, म्हणून वेगळे मूल्यांकन लागत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तेव्हा तंटा मंडळाने थेट त्या संघटनेलाच विचारले की, तुमच्या संहितेचा अर्थ काय? उत्तर भारताच्या विरोधात गेले. संहिता निर्यातदार देशावर सरसकट बंदी सुचवत नाही. ती पदार्थागणिक अटी सांगते: माल रोगमुक्त देशातून किंवा विभागातून यावा, पशुवैद्यकीय प्रमाणपत्र असावे, विषाणू मरेल इतकी उष्णता दिलेली असावी. म्हणजे पहिला रस्ता बंद झाला आणि दुसऱ्या रस्त्यासाठी लागणारे मूल्यांकन भारताकडे नव्हते.

इथे मंडळाचे काम काय, हेही पाहू. ते स्वतः प्रयोगशाळा होत नाही आणि कोणते शास्त्रज्ञ बरोबर याचा निवाडाही करत नाही. देशाने काढलेला निष्कर्ष प्रतिष्ठित शास्त्रीय पुराव्यावर उभा आहे का आणि त्यामागचा तर्क सुसंगत आहे का, एवढे ते तपासते. शास्त्रज्ञांमधले अल्पमत उचलले तरी चालते, पण ते जाणकार, विश्वासार्ह तज्ज्ञांचे असावे लागते. भारताचे मूल्यांकन कच्चे ठरले असते तर वाद घालायला जागा होती. तपासायला मूल्यांकनच नसल्याने ती जागा उरली नाही.

दुसरा घाव दुजाभावाचा होता. बाहेरच्या देशात कुठेही रोग निघाला की सगळा देश बंद. भारतात निघाला की बंधने साधारण दहा किलोमीटरच्या परिघापुरती. शिवाय कमी-रोगकारक विषाणू आपल्याकडे नाहीच, असे भारत म्हणत होता. त्यावर मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना विचारण्यात आले की, भारताची देखरेख तो विषाणू पकडू शकेल का? जो रोग कोंबडी न मरता फिरतो, तो मेलेल्या कोंबड्या मोजून सापडत नाही; त्यासाठी निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांचे नमुने नियमित तपासावे लागतात. भारताची व्यवस्था त्याला पुरेशी नव्हती. जे घरात शोधतच नाही, त्यासाठी दुसऱ्याला शिक्षा करता येत नाही, असा याचा अर्थ.

ऑक्टोबर 2014 मध्ये मंडळाने आणि जून 2015 मध्ये अपील संस्थेने निर्णय दिला. अपिलात एक मुद्दा अंशतः बदलला, गाभा कायम राहिला. जुलै 2016 मध्ये भारताने नवी अधिसूचना काढून देशाऐवजी रोगग्रस्त विभागापुरती बंदी स्वीकारली. त्याने नियम पुरेसा बदलला की नाही, यावर पुन्हा वाद झाला. अखेर तो तोडग्याने मिटला: सप्टेंबर 2023 मध्ये भारताने गोठवलेले टर्की आणि बदक यांसारख्या काही अमेरिकी मालावरचे शुल्क कमी करण्याचे मान्य केले.

या निकालाने रोगी माल घेण्याची सक्ती झाली, असे समजू नये. 2014-15 मध्ये अमेरिकेतच अति-रोगकारक बर्ड फ्लूने सुमारे पाच कोटी पक्षी गेले. अशा वेळी बाधित भागातला माल रोखण्याचा भारताचा हक्क अबाधित आहे. देशी कुक्कुटपालकाला स्वस्त लेगपीसची भीती वाटते, तीही खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय आयात शुल्क हा आहे आणि ते भारताने उघडपणे चढे ठेवले आहे. रोगाच्या नावाखाली भाव राखायला गेले की शास्त्राची परीक्षा द्यावी लागते.

हाच नियम आपल्या निर्यातदाराची ढालही आहे. विभागवार विचार मान्य झाला की, नागपुरात रोग निघाला म्हणून तमिळनाडूतल्या नामक्कलची अंडी अडवणाऱ्या देशाला भारत जाब विचारू शकतो. 2023 मध्ये महाराष्ट्रासह चार राज्यांतली 26 कुक्कुट संकुले बर्ड फ्लूमुक्त असल्याचे भारताने जाहीर केले आणि पशुआरोग्य संघटनेने ते मान्य केले. हा दावा टिकणार तो नमुन्यांवर. संकुलात आणि आसपास किती पक्ष्यांची तपासणी होते, त्या नोंदी कुणाला पाहता येतात आणि रोग निघाला तर किती तासांत कळवला जातो, यावर अंड्यांची पुढची खेप स्वीकारायची की नाही, हे परदेशी अधिकारी ठरवतील.