कावळा बसायला अन् फांदी मोडायला

कॅन्सरचा म्हातारा माणूस घरीच गेला, की तेराव्याच्या आत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "ती मॉर्फिनची सुई दिली आणि दोन तासांत गेले हो." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण ज्याने ती सुई दिलेली असते, तो मुलगा किंवा सून पुढची दहा वर्षं ते वाक्य उराशी घेऊन फिरते. या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. घरोघरी जाऊन असे पेशंट बघणं हे माझं काम असल्यामुळे ते मला वारंवार भेटतं, म्हणून आज एकदा सविस्तर लिहितो.

आधी साधा तर्क. शेवटच्या आठवड्यात औषध दर चार तासांनी द्यायचं असतं. मग मृत्यू केव्हाही येवो, त्याच्या आधीच्या चार तासांत एक डोस झालेला असणारच. आधीच्या तासाभरात कुणी पाणीही पाजलेलं असतं, कूसही बदललेली असते. पाण्याने गेले असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि तो आपल्याला इतर सगळ्या बाबतीत बरोबर कळतो!

आता एक घर सांगतो. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो पाठीच्या कण्यात पसरला होता. रात्रभर बसून काढायचे, कारण आडवं होता येत नव्हतं. आधीच्या गोळ्या पुरेनात, म्हणून मी मॉर्फिनचं नाव काढलं. अण्णांच्या बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "डॉक्टर, खरं सांगा, हे संपवायचं औषध ना?"

मी म्हटलं, "आत्या, संपवायला जे लागेल त्याच्या जवळपासही हे नाही. तुम्ही रोज हिशेब लिहा, मग आपण बोलू."

तो हिशेब असा. दहा मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून, म्हणजे पाच मिलिग्रॅम, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. रात्री दहाला मात्र पूर्ण गोळी, म्हणजे मध्यरात्री दोनला कुणी उठायला नको. दिवसाचे झाले ३० मिलिग्रॅम. मध्येच कळ आली तर अर्धी गोळी जादा, पण वहीत लिहून. शिवाय पहिल्या दिवसापासून रोज रात्री जुलाबाची गोळी, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलंच. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल, मळमळेल, हेही आधी सांगितलं. न सांगितलेली गुंगी घरच्यांना थेट यमाचं लक्षण वाटते.

तीन दिवसांनी वही पाहिली. रोज तीन जादा अर्ध्या गोळ्या, म्हणजे ३० अधिक १५, एकूण ४५. म्हणून प्रत्येक वेळची मात्रा पाऊण गोळी केली आणि रात्रीची दीड. वाढवायची ती अशी, पेशंटने स्वतः दाखवून दिलेल्या गरजेएवढी. अण्णा आडवे झोपू लागले. पुढचे सोळा दिवस तीच मात्रा चालली.

मग गिळणं बंद झालं. कातडीखालून दिलेलं मॉर्फिन तोंडाच्या साधारण एक तृतीयांश पुरतं, म्हणून ४५ चे १५ झाले. पोटाच्या कातडीखाली लहान सुई बसवून ठेवली आणि दर चार तासांनी अडीच मिलिग्रॅम त्यातून सोडायचं, हे नर्सने धाकट्या मुलाला शिकवलं. दोन दिवसांनी लघवी कमी झाली. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारे पदार्थ मूत्रपिंडातून बाहेर पडतात, ते साचू नयेत म्हणून चाराऐवजी सहा तासांनी द्यायला सांगितलं. आणखी दोन दिवसांनी पहाटे चारला मुलाने इंजेक्शन दिलं आणि साडेपाचला अण्णा गेले.

आणि आत्या म्हणाल्या, "त्या सुईनंच."

मी वही मागवली. शेवटच्या दिवशी कातडीखालून दिलेलं एकूण मॉर्फिन १० मिलिग्रॅम, म्हणजे तोंडाने घेतलेल्या ३० इतकं. पहिल्या दिवसाची मात्रा तेवढीच! मधले सोळा दिवस तर त्याच्या दीडपट पचवून ते गाढ झोपले, मऊ भात जेवले आणि नातवाला ओरडलेसुद्धा. अण्णांना नेलं ते कण्यात आणि मूत्रपिंडात पोचलेल्या आजाराने. आत्या वहीकडे बराच वेळ बघत बसल्या. मग पुतण्याला म्हणाल्या, "जा, आंघोळ करून घे."

मॉर्फिन कधीच कुणाला मारत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. कधी न घेतलेल्या माणसाला एकदम मोठी मात्रा दिली, वर झोपेची औषधं दिली, किंवा मूत्रपिंड बंद पडत असताना मात्रा तशीच रेटली, तर श्वास मंदावतो. पण ते अचानक होत नाही. आधी गुंगी वाढत जाते, हाक मारूनही डोळे उघडत नाहीत, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हातपाय दचकल्यासारखे उडतात, आणि मग श्वास मिनिटाला आठाच्याही खाली जातो. असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. मरणाजवळचा श्वास वेगळा असतो. तो भराभर चालतो, मग थांबतो, पुन्हा सुरू होतो, घशात घरघर होते, हातपाय गार पडतात. मॉर्फिन न घेतलेली माणसंही अशीच जातात. हॉस्पिसमधल्या पेशंटच्या अभ्यासांतही, गरजेप्रमाणे वाढवत नेलेल्या मात्रेने आयुष्य कमी होतं असं आढळलेलं नाही.

खरा राग मला आत्यांवर नाहीच, आमच्याच डॉक्टरमंडळींवर आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कागदपत्रांची भीती आमच्यात अशी मुरली, की २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले तरी अनेकांचा हात चिठ्ठीकडे वळत नाही. मग मॉर्फिन लिहितात केव्हा, तर दोन दिवस उरल्यावर. गावाने पाहिलेले मॉर्फिनचे सगळे पेशंट दोन दिवसांत गेले, तर गावाने दुसरा काय निष्कर्ष काढावा? अफवा आपणच पिकवायची आणि वर लोक अडाणी म्हणायचं, हे कसं?

आणि "नको, सवय लागेल" म्हणून डोस लपवणाऱ्या नातेवाइकांनाही एक सांगतो. अर्ध्या मात्रेने आयुष्य वाढत नाही, फक्त रात्र वाढते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा : आजची मात्रा कालच्यापेक्षा किती वाढली, का वाढली, आणि जास्त झाली तर आम्हाला कसं कळेल. उत्तर देता येत नसेल तर डॉक्टर बदला, औषध नव्हे. आणि एक वही घाला. माणूस गेल्यावर कोण काय म्हणेल ते आपल्या हातात नाही, पण सुई देणाऱ्या पोराच्या हातात ती वही तरी असेल.