पस्तिशीनंतरचा अर्ज

औरंगपुऱ्यात, सरस्वती भुवनच्या परिसरात, तासिका तत्त्वावर शिकवणारी बरीच मंडळी भेटतात. त्यातल्या एखाद्या सदतिशीच्या, अनुसूचित जातीतल्या प्राध्यापिकेला परदेशी शिकायला जायचे असेल, तर तिचे वय सर्वांत आधी शिष्यवृत्तीत आडवे येते. विद्यापीठात नव्हे. ब्रिटन-अमेरिकेतली विद्यापीठे प्रवेशासाठी सहसा वयोमर्यादा घालत नाहीत.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसाठी निवड वर्षाच्या १ एप्रिलला वय ३५ च्या आत लागते. तो मार्ग तिला बंद. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत मात्र पदव्युत्तर पदवीसाठी ३५ आणि पीएचडीसाठी ४० ही मर्यादा आहे. म्हणजे दुसऱ्या एमएच्या मागे न लागता तिने थेट संशोधन प्रस्ताव लिहायला घ्यावा. मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार आणि प्रवेशपत्र यांत वर्ष सहज निघून जाते. पदव्युत्तर पदवीच करायची असेल, तर ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला कमाल वयाची अट नाही. २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. इथे तिची शिकवण्याची वर्षे कामी येतात.

पदव्युत्तर पदवी आणि संशोधन यांतला हा भेद व्हिसातही दिसतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून शिक्षणोत्तर कामाच्या व्हिसाची मर्यादा ३५ वर आणली. संशोधन पदवीधरांना मात्र पन्नाशीच्या आत अर्ज करता येतो. वय मोजतात ते या व्हिसाच्या अर्जाच्या दिवशी. चौतिसाव्या वर्षी दोन वर्षांच्या मास्टर्सला बसलेला विद्यार्थी पदवी हाती येईतो मर्यादेबाहेर गेलेला असतो. कर्ज काढून तिथल्या पगारातून फेडायचे ठरवलेल्या कुटुंबाने हा हिशेब घर गहाण टाकण्यापूर्वी मांडायला हवा.