परत पाठवलेला माणूस रजिस्टरमध्ये कुठे आहे?



बजाजनगरमधल्या आपल्या वस्तीत कुत्रा चावला की दवाखान्यात धावपळ होते आणि तिथे उत्तर मिळते, "लस संपली, घाटीला जा, नाहीतर बाहेरून आणा." घाटीला जायचे म्हणजे कंपनीतला एक खाडा आणि रिक्षाचे भाडे. रेबीजची लस एकदा घेऊन भागत नाही. सरकारी दवाखान्यात ती कातडीत देतात, तेव्हा पहिल्या डोसनंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा यावे लागते. तेवढे खाडे परवडत नाहीत म्हणून लोक मधले डोस सोडतात. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही.

लस का संपते? वरून येत नाही, हे खरे असते. पण आम्ही नर्स म्हणून साठा रजिस्टर लिहिले आहे. टंचाईचे एक कारण त्याच रजिस्टरमध्ये असते, असे आमचे मत आहे.

प्रत्येक औषधाची किमान पातळी ठरवायची असते. शिल्लक तिथपर्यंत उतरली की त्याच दिवशी इंडेंट पाठवायचा. रोजचा खर्च गुणिले माल यायला लागणारे दिवस, आणि वर आठवडाभराचा राखीव साठा, अशी ती काढतात. समजा, एका केंद्रात महिन्यात लसीच्या ४० व्हायल खर्च झाल्या. कारकून ४० ला ३० दिवसांनी भागतो. रोजचा खर्च सव्वा ते दीड व्हायल निघतो. माल यायला १५ दिवस लागतात, म्हणून २० व्हायल, आणि राखीव ९. किमान पातळी झाली २९.

पण त्या महिन्यात १० दिवस शिल्लक शून्य होती. म्हणजे ४० व्हायल २० दिवसांतच गेल्या. खरा खर्च रोज २ व्हायल. मग १५ दिवसांचे ३० आणि राखीव १४, म्हणजे किमान पातळी ४४ हवी. २९ आणि ४४ मधला फरक १५ व्हायलचा, म्हणजे आठवडाभराच्या लसीचा. लस नव्हती त्या दहा दिवसांत जे परत गेले त्यांची कुठेच नोंद नाही, म्हणून कागदावर गरज कमी दिसते. पुढचा इंडेंट कमी जातो, पुन्हा साठा संपतो, पुन्हा माणसे परत जातात. ज्यांना पैसे देऊन बाहेरून आणता येते ते आणतात. आपली माणसे मात्र हिशेबातूनही गळतात.

म्हणून आमचे म्हणणे आहे की रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा : साठा नसल्याने परत पाठवलेले रुग्ण. आणि सरासरी काढताना शून्य शिल्लकीचे दिवस भागाकारातून वगळा.

औषध दिले त्याच वेळी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही हवी. महिनाअखेर एकदम केलेल्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या दिसतात. तिथे कपाट उघडून मोजावे, शिल्लक जुळत नाही. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरावे. तीन महिने उरले की लाल शाईने खूण करावी, म्हणजे माल दुसऱ्या केंद्राला देता येतो. मुदत संपलेला माल शिल्लकीत धरला तर रजिस्टर भरलेले आणि कपाट रिकामे, अशी अवस्था होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. नातेवाईक म्हणाले, औषधे बाहेरून आणायला लावली. सरकारने टंचाई नाकारली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बाहेरून आणायला सांगितलेले प्रत्येक औषध त्याच दिवशी सहीनिशी लिहिलेले असते, तर हा वाद कागदावरच मिटला असता.

लस मिळाली नाही, तर केसपेपरवर "साठा उपलब्ध नाही" असे तारखेसह लिहून मागा. ते लिहून द्यायला नकार मिळाला तर विहारात एक वही ठेवा. तीत तारीख, औषध आणि कुठे पाठवले एवढेच लिहा, नाव लिहू नका. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात सरकारी रजिस्टर पाहण्याचा आणि त्याची प्रत घेण्याचा हक्क आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. शून्य शिल्लकीच्या तारखा आणि आपल्या वहीतल्या तारखा शेजारी ठेवा आणि तो कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. वरून माल येतच नसेल तर या वहीने तो येणार नाही. पण किती कमी पडतो, हे त्यांना नाकारता येणार नाही.